चौदा पूर्णांक एक : टीसीएलची ताकद मोजताना

बीबी हे लोणार तालुक्यातले, जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावरचे गाव. इथल्या किंवा आसपासच्या कोणत्याही गावात पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत डोकावले, तर एका कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीचे पोते हमखास दिसते. त्याला कोणी ब्लीचिंग पावडर म्हणत नाही. सगळे टीसीएल म्हणतात. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम या नावाची ही आद्याक्षरे. उष्ण प्रदेशात टिकावी म्हणून या पावडरीत जादा कळीचा चुना घालतात. तो ओलावा आधी स्वतःकडे ओढून घेतो आणि पावडर थोडी जास्त दिवस तग धरते. पण थोडीच. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेली आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर दमट झालेली पावडर कागदावर टीसीएलच राहते, आतला क्लोरीन मात्र उडून गेलेला असतो.

तो किती उडाला, हे वासावरून कळत नाही. अर्धमेल्या पावडरीलाही नाकात झोंबणारा वास असतो, कारण नाकाला फार थोडा क्लोरीन पुरतो. रंगावरून तर अजिबात कळत नाही. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. आपल्याकडे आरोग्य यंत्रणा २० टक्क्यांखालची पावडर पाण्यासाठी अयोग्य धरते. या दोन आकड्यांमधले अंतर मोजायला काचेची एक नळी, थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत, तेच सोडियम थायोसल्फेट लागते. ही मोजणी कशी होते, कुठे फसते आणि आलेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, याचा हा आढावा. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांकडून ही टायट्रेशन करून घेतली आहेत. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून गावाकडे परत येतो तो कागद ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढ्यावर थांबू नये, त्यावर आकडा असावा आणि तो आकडा पावडर ओतणाऱ्याच्या हातापर्यंत पोचावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी मुळातली अडचण पाहू. थायोसल्फेट क्लोरीनला मारते, हे खरे. मग पावडरीच्या पाण्यात ते सरळ थेंबथेंब टाकून का मोजू नये? कारण क्लोरीन थायोसल्फेटशी एकाच ठरलेल्या वाटेने वागत नाही. तो फार आक्रमक आहे. थोड्या थायोसल्फेटचे तो टेट्राथायोनेट करतो आणि थोड्याला पार सल्फेटपर्यंत नेतो. पहिल्या वाटेने एका रेणूला एक इलेक्ट्रॉन खर्च होतो, दुसऱ्या वाटेने आठ. कोणत्या वाटेने किती गेले हे सांगता येत नाही, म्हणून ब्युरेटवरचा आकडाही निरर्थक ठरतो. इथे एक मध्यस्थ लागतो, आणि तो म्हणजे आयोडाइड. क्लोरीन आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तेवढेच आयोडीन मोकळे सोडतो. एका क्लोरीनमागे एक आयोडीन, कमी नाही आणि जास्तही नाही. आयोडीन स्वभावाने मवाळ आहे. आम्ल द्रावणात ते थायोसल्फेटशी एकाच वाटेने वागते:

I₂ + 2S₂O₃²⁻ → 2I⁻ + S₄O₆²⁻

मोजायचा होता क्लोरीन, मोजले आयोडीन. आक्रमक पदार्थाच्या जागी मवाळ पदार्थ आणून त्याचा हिशेब करायचा, एवढीच या पद्धतीची कल्पना आहे. रॉबर्ट बुन्सेनने १८५३ मध्ये आयोडीनवर आधारलेली मोजणी रूढ केली, पण तो सल्फरस आम्ल वापरत असे, आणि ते हवेतच बिघडते. त्याच वर्षी कार्ल श्वार्त्झने त्याच्या जागी थायोसल्फेट आणले. तेव्हापासून पद्धतीचा गाभा बदललेला नाही. त्याआधी, १८२४ मध्ये, गे-ल्युसाकने निळीच्या द्रावणाचा रंग उडवून पावडरीची ताकद ठरवली होती. कापड गिरण्यांना विरंजनासाठी पावडर विकत घ्यावी लागे आणि दर तिच्या ताकदीवर ठरे. म्हणजे व्यापाऱ्याला ही मोजणी आधी हवी होती, पाण्याला नंतर.

विद्यार्थी इथे एक गोंधळ हमखास करतात. ‘आयोडीन मागाहून मोजतो, म्हणजे हे बॅक टायट्रेशनच ना?’ नाही. बॅक टायट्रेशनमध्ये तुम्ही ठरलेल्या ताकदीचे एक द्रव्य मुद्दाम जास्त घालता, नमुन्याला हवे तेवढे खाऊ देता आणि उरलेले मोजता. घातले वजा उरले, म्हणजे खाल्ले. आयोडोमेट्रीत वजाबाकी नसते, बदली असते. ब्लीचिंग पावडरीसाठी खरे बॅक टायट्रेशन आहे, पण ते सोडियम आर्सेनाइटने होते. त्याकडे पुढे येईन.

आता कृती. नमुन्यापासून सुरुवात करतो, कारण चुका तिथेच सगळ्यात जास्त होतात आणि तिथेच सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. २५ किलोच्या पोत्यात वरचा थर हवेला लागलेला असतो, कडेला गाठी झालेल्या असतात आणि मध्यभाग त्यातल्या त्यात बरा असतो. वरून मूठभर उचलली तर पोते आहे त्यापेक्षा वाईट दिसते. मधून काढली तर आहे त्यापेक्षा चांगले. वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी घ्यावी, कोरड्या कागदावर एकत्र करावी, त्यातली थोडी घट्ट झाकणाच्या कोरड्या, गडद रंगाच्या बाटलीत भरावी. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून, ती खिशात ठेवून एसटीने बुलढाण्याला नेलेला नमुना वाटेतच मरायला लागतो. मग प्रयोगशाळा त्या पिशवीची ताकद सांगते, पोत्याची नाही.

प्रयोगशाळेत ५ ग्रॅम पावडर तोलतात. तोलताना रेंगाळायचे नाही. ती चिनी मातीच्या खलात घेऊन थोडे पाणी घालायचे आणि बारीक गाठीही फुटेपर्यंत घोटायचे. गंधासारखी मऊ लुगदी झाली पाहिजे. मग आणखी पाणी घालून वरचे दुधाळ पाणी ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ओतायचे, खाली राहिलेला गाळ पुन्हा घोटायचा, पुन्हा ओतायचे. खल धुतलेले शेवटचे पाणीही फ्लास्कमध्येच जाते. खुणेपर्यंत पाणी भरून फ्लास्क जोरात हलवायचा आणि गाळ खाली बसायच्या आत पिपेटने २५ मिली उचलायचे. नव्या माणसाचा हात इथे चुकतो. ‘गढूळ पाणी कसे मोजायचे’ असे वाटून तो फ्लास्क अर्धा तास तसाच ठेवतो आणि वरचे निवळलेले पाणी घेतो. पण हायपोक्लोराइटचा काही भाग चुन्याला चिकटून त्या गाळातच बसलेला असतो. निवळलेल्या पाण्याने आकडा कमी येतो आणि दोन जणांचा आकडा जुळत नाही. गढूळच घ्यायचे, दर वेळी हलवून घ्यायचे.

त्या २५ मिलीत पाव ग्रॅम पावडर आली. शंकूपात्रात आधी सुमारे २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालायचे आणि त्यानंतरच आम्ल. हा क्रम पाळावाच लागतो. आधी आम्ल घातले तर क्लोरीन वायू बनून वर उडतो. घशाला कळते, पण ब्युरेटला कळत नाही, कारण गेलेला क्लोरीन मोजला जात नाही. आयोडाइड आधीच हजर असेल तर सुटणारा प्रत्येक क्लोरीन जागच्या जागी पकडला जातो. हिशेबाने अर्धा ग्रॅम आयोडाइड पुरेल, पण जास्त घालतात, कारण मोकळे झालेले आयोडीन निव्वळ पाण्यात नीट विरघळत नाही. जादा आयोडाइड त्याला धरून ठेवते. कमी पडले तर पात्राच्या तळाशी काळे कण दिसतात आणि ते विरघळेपर्यंत शेवट पुन्हा पुन्हा हुलकावणी देतो.

आम्ल ॲसेटिकच हवे. नमुन्यात चुना असतो, म्हणून चुना जिरवून वर आम्लता उरेल इतके घालायचे. निळा लिटमस कागद लाल झाला पाहिजे. आम्ल अपुरे पडले तर द्रावण अल्कधर्मी राहते, आयोडीनही मग आक्रमक वागू लागते आणि थायोसल्फेट सल्फेटच्या वाटेला जाते. थायोसल्फेट कमी खर्च झाले, तर पावडर आहे त्यापेक्षा कमकुवत दिसते.

आम्ल पडताच दुधाळ पाणी झपकन विटकरी तपकिरी होते. ताज्या पावडरीचा रंग जवळजवळ काढ्यासारखा असतो, जुन्या पावडरीचा कोऱ्या चहासारखा. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल थायोसल्फेट सोडत, पात्र फिरवत जायचे. तपकिरीचा नारिंगी होतो, नारिंगीचा पिवळा, आणि शेवटी सुकलेल्या गवताचा फिकट पिवळा. इथे थांबून १ मिली स्टार्च घालायचा. सगळे एकदम गडद निळे होते. आता थेंबाथेंबाने पुढे जायचे. निळा विरत जातो आणि एका थेंबाला नाहीसा होतो. चुन्याची किंचित धूसर छटा राहिली तरी चालेल, निळी छटा उरता कामा नये. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर भरपूर आयोडीन त्याच्या वेटोळ्यात घट्ट अडकते आणि सहजी सुटत नाही. मग शेवटचा निळा रंग जाता जात नाही आणि माणूस वैतागून दोन-तीन थेंब जास्त टाकतो.

थायोसल्फेटच्या ०.१ नॉर्मल द्रावणाचा १ मिली म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीन. पात्रात पावडर २५० मिलिग्रॅम आहे. ताज्या, ३३ टक्क्यांच्या पावडरीला २३.३ मिली लागतात. बरोबर २० टक्क्यांना लागतात १४.१ मिली. म्हणून माझ्या वर्गात १४.१ हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला असे. समजा एका पोत्याचा नमुना ९.६ मिलीवर संपला. ९.६ गुणिले ३.५४५ म्हणजे ३४.०३ मिलिग्रॅम क्लोरीन, भागिले २५०, गुणिले शंभर, म्हणजे १३.६ टक्के. एका थेंबाची चूक सुमारे ०.०७ टक्क्याची आहे. म्हणजे हात स्थिर असेल तर ब्युरेट जे सांगते ते पावडरीच्या बाबतीत पुरेसे बारीक आहे. चूक होते ती थेंबात नाही, इतर ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे ब्युरेटच्या आतले थायोसल्फेट. एक लिटर ०.१ नॉर्मल द्रावणाला २४.८२ ग्रॅम हायपो लागतो. पण तोलून विरघळवले म्हणजे ०.१ झाले, असे धरता येत नाही. पाण्यातले जिवाणू हायपो खातात, हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड त्याला किंचित आम्ल करतो आणि गंधक सुटून द्रावण धुरकट होते. म्हणून नुकतेच उकळून गार केलेले पाणी वापरतात, चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालतात, आणि पोटॅशियम डायक्रोमेटने त्याची खरी ताकद काढतात. ही पायरी घाईत सुटली तर काय होते ते बघा. बाटलीवर ०.१ लिहिलेले आहे, पण उन्हाळाभर पडून द्रावण ०.०८५ झाले आहे. पावडर आहे १७ टक्क्यांची. खऱ्या ०.१ द्रावणाने ती १२ मिलीच्या आसपास संपली असती. कमकुवत द्रावण जास्त लागते, म्हणून ब्युरेट १४.१ वर थांबते आणि कागदावर २० टक्के म्हणून पावडर पास होते. थायोसल्फेट बिघडले की पावडर सुधारल्यासारखी दिसते, म्हणजे ही चूक नेहमी धोक्याच्या बाजूलाच जाते. तपासणी मात्र सोपी आहे. २५ मिली ०.१ नॉर्मल डायक्रोमेट घ्यायचे, आयोडाइड आणि आम्ल घालून पाच मिनिटे अंधारात झाकून ठेवायचे, आणि टायट्रेट करायचे. इथे निळ्यातून हिरवा रंग येतो. थायोसल्फेट २५ मिली लागले तर बाटली खरी बोलते. २९.४ लागले तर ती ०.०८५ झाली आहे. द्रावण फेकायची गरज नाही, बाटलीवरचा आकडा बदलायचा.

दुसरे ठिकाण जास्त फसवे आहे. ॲसेटिक संपले आहे म्हणून कोणी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतो, ‘आम्ल ते आम्ल’ म्हणून. पावडर जुनी होताना तिच्यातला हायपोक्लोराइट सगळाच हवेत जात नाही. त्याचा काही भाग क्लोरेट होतो. क्लोरेटचा पाण्यातल्या जंतूंवर काही उपयोग नाही. ॲसेटिक आम्लात तो गप्प बसतो, पण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात आयोडाइडवर तुटून पडतो आणि एका क्लोरेटमागे तीन आयोडीन सोडतो. त्यामुळे मेलेली पावडर जिवंत दिसते. पावडर जितकी जुनी, तितकी ही फसवणूक मोठी. शिवाय ती ओळखूही येते: एकदा निळा गेल्यावर पाच-दहा सेकंदांत पुन्हा निळा येत राहतो, कारण क्लोरेट सावकाश काम करत असतो. ॲसेटिकमध्ये केलेल्या टायट्रेशनमध्येही निळा परत येतो, पण तो दोन-तीन मिनिटांनी, हवेतला ऑक्सिजन आयोडाइडवर काम करू लागल्यावर. तो सोडून द्यायचा. उन्हाच्या तिरीपेत टायट्रेशन केले तर तोही लवकर येतो, म्हणून खिडकीपासून दूर बसायचे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात आणखी एक त्रास होतो. आयोडीन उडते, आणि गरम द्रावणात स्टार्चचा निळा फिका पडतो. म्हणून बूच असलेला आयोडीन फ्लास्क वापरायचा आणि सकाळी लवकर काम उरकायचे. इतर मोजणीत इतका फरक पडत नाही, इथे पडतो.

या क्लोरेटच्या प्रश्नावरच आर्सेनाइटचे बॅक टायट्रेशन उत्तर देते. त्याच २५ मिली गढूळ पाण्यात २५ मिली ०.१ नॉर्मल सोडियम आर्सेनाइट घालायचे. आर्सेनाइट फक्त हायपोक्लोराइटशी प्रक्रिया करते, क्लोरेटला हातही लावत नाही. मग खायच्या सोड्याने द्रावण सौम्य अल्कधर्मी ठेवून उरलेले आर्सेनाइट आयोडीनच्या द्रावणाने मोजायचे. इथे स्टार्चचा निळा जात नाही, उलट येतो. आयोडीन १५.४ मिली लागले, तर पावडरीने खाल्ले २५ वजा १५.४, म्हणजे ९.६ मिली. हाच आकडा वर ॲसेटिक पद्धतीने आला होता. दोन्ही जुळले म्हणजे दोन्ही खरे. ही जुळणी प्रयोगशाळेने वर्षातून एकदा करून पाहायला हवी. पण रोजच्या कामाला ही पद्धत मी सुचवणार नाही. आर्सेनाइट म्हणजे सोमल, आणि गावच्या पाण्यासाठी काम करणाऱ्या माणसाने रोज लिटरभर सोमलाचे पाणी मोरीत ओतणे मला पटत नाही. बॅक टायट्रेशनचा एक छोटा उपयोग मात्र आयोडोमेट्रीतही आहे. हात सुटला, एकदम मिलीभर थायोसल्फेट जास्त गेले, तर नमुना फेकायचा नाही. ठरलेल्या ताकदीचे आयोडीन थेंबाथेंबाने परत घालायचे, निळा आल्यावर थांबायचे आणि ते वजा करायचे.

मधेच मोरचुदाबद्दल सांगतो, कारण हायपोची हीच बाटली तिथेही चालते आणि या भागातल्या संत्रा बागायतदाराला त्याचा थेट उपयोग आहे. डिंक्यासाठी झाडाच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतात, फवारणीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण करतात, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात तांबे कमी असेल तर सगळेच माप चुकते. इथे क्लोरीनच्या जागी तांबे स्वतः आयोडीन मोकळे करते: अर्धा ग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवून, थोडे ॲसेटिक आम्ल आणि आयोडाइड घातले की मळकट पांढरा साका आणि आयोडीन दोन्ही तयार होतात. शुद्ध मोरचुदाला २० मिली थायोसल्फेट लागतात. १७ लागले तर माल ८५ टक्के. पण तो साका आयोडीन चिकटवून ठेवतो आणि शेवट आल्यासारखा वाटून निळा परत परत येतो. शेवटाजवळ थोडे पोटॅशियम थायोसायनेट घातले की साक्याचा पृष्ठभाग बदलतो, चिकटलेले आयोडीन सुटते आणि शेवट स्पष्ट होतो. मोरचुदात हिराकस मिसळलेला असेल आणि तो जुना होऊन गंजला असेल, तर त्यातले लोहही आयोडीन सोडते आणि खोटे तांबे दाखवते. त्याला फ्लोराइड घालून बांधून ठेवावे लागते. मोरचुदाचे एवढे पुरे.

पुन्हा पोत्याकडे. १३.६ टक्के हा आकडा आला. रिवाज असा की कागदावर ‘अयोग्य’ लिहिले जाते आणि नवे पोते येईपर्यंत तेच पोते चालू राहते, कारण दुसरे नसते. गावाची टाकी ५०,००० लिटरची धरू. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा असेल तर ७५ ग्रॅम क्लोरीन लागतो. ३३ टक्क्यांच्या पावडरीचे ते २२७ ग्रॅम होतात, २० टक्क्यांचे ३७५ आणि १३.६ टक्क्यांचे ५५१. जलसुरक्षक ठरलेल्या मापाने २२७ ग्रॅमच टाकत राहिला, तर पाण्यात लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन जातो. त्यातला बहुतेक भाग पाण्यातली घाण आणि पाइपातला चिकट थर खाऊन टाकतो, आणि शेवटच्या घरच्या नळाला भारतीय मानकाने सांगितलेला किमान ०.२ मिलिग्रॅमही उरत नाही. म्हणून आकडा हवा. ‘अयोग्य’ या शब्दाने माप बदलत नाही, ५५१ या आकड्याने बदलते.

याला मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. कमकुवत पावडर दुपटीने टाकली की चुनाही दुपटीने येतो, तो टाकीच्या तळाशी बसतो आणि नळांच्या चाळण्या भरतो. म्हणून पावडर बादलीत कालवून, निवळलेले वरचे पाणीच टाकीत ओतावे. प्रयोगशाळेत गढूळ घ्यायचे, टाकीवर निवळलेले. दोन्ही ठिकाणी हेतू वेगळा आहे. दुसरे, १३.६ टक्क्यांवर आलेले पोते तिथे थांबत नाही. महिन्याभरात ते आणखी खाली जाते आणि जुना आकडा खोटा ठरतो. त्यामुळे ही तडजोड दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालवू नये. तिसरी मर्यादा टायट्रेशनची स्वतःची. आम्लात सगळा क्लोरीन मोजला जातो, पण पाण्यात तो किती मारक ठरेल हे पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असते. सामू साडेसातच्या आसपास त्यातला अर्धा भाग हायपोक्लोरस आम्ल म्हणून असतो, जो जंतूंवर जोरात काम करतो. सामू साडेआठ झाला की तो भाग दहा टक्क्यांच्या आसपास येतो. शेजारच्या लोणारच्या सरोवराचे पाणी तर याहून कितीतरी खारट आणि अल्कधर्मी आहे. ते प्यायचे पाणी नाही, पण याच खडकात विहिरी आहेत हे लक्षात ठेवून विहिरीच्या पाण्याचा सामू वेगळा तपासायलाच हवा. ब्युरेट त्याबद्दल काही सांगणार नाही.

नळावर काय उरले हेही टायट्रेशन सांगत नाही. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोजायला ही पद्धत फार जाड आहे. तिथे ओटी टेस्ट वापरतात: ऑर्थोटोलिडीनचे थेंब घातल्यावर येणारा पिवळा रंग. पण ओटी फक्त आत्ता उरलेला क्लोरीन दाखवते, पोते किती मेले आहे हे नाही. दोन्ही चाचण्या एकमेकींची जागा घेत नाहीत. ओटी सतत फिकी येत असेल तर आधी मापावर शंका घेऊ नये, पोत्यावर घ्यावी.

आणि प्रयोगशाळा दूर असेल तेव्हाचा उपाय जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यासाठी विल्यम हॉरॉक्सने जी पेटी तयार केली, ती आजही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवतात. सहा पांढरे पेले, एक काळा. काळ्या पेल्यात २ ग्रॅमचा एक चमचा पावडर कालवायची. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे २०० मिली पाणी घ्यायचे आणि काळ्यातले द्रावण पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत टाकायचे. अर्ध्या तासाने प्रत्येकात कॅडमियम आयोडाइड आणि स्टार्चचे तीन थेंब. ज्या पेल्यात पहिल्यांदा स्वच्छ निळा रंग येतो त्याचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे. तिसरा पेला निळा झाला, तर तीन चमचे. हा निळा तोच आहे, शंकूपात्रातला. आणि मला या पेटीचे सर्वात मोठे मोल यात वाटते की, ती पावडरीची टक्केवारी विचारतच नाही. जी पावडर विहिरीत जाणार तीच काळ्या पेल्यात आहे, त्यामुळे पावडर कमकुवत असेल तर निळा आपोआप पुढच्या पेल्यात येतो. पाण्याची भूक आणि पोत्याची ताकद दोन्ही त्या एका क्रमांकात येतात.

थोडक्यात, करायचे ते एवढेच: दर महिन्याला पोत्यातून तीन ठिकाणचा नमुना, ॲसेटिकमधले टायट्रेशन, थायोसल्फेटची आठवड्याला डायक्रोमेटने तपासणी, आणि पोत्यावर चिकटवलेली एक चिठ्ठी: तारीख, टक्केवारी, आणि त्या टक्केवारीने आपल्या टाकीला लागणारे ग्रॅम. ते ग्रॅम मोठ्या अक्षरांत. हाच हायपो आणखी एका ठिकाणी भेटतो. पाण्याचा नमुना जंतूतपासणीला पाठवायचा असेल, तर निर्जंतुक बाटलीत आधीच थायोसल्फेटचे काही थेंब असतात. बाटलीत शिरलेला क्लोरीन तिथेच संपला नाही, तर वाटेत तो जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेला गावाच्या नळापेक्षा स्वच्छ पाणी दिसते. ती बाटली आतून धुऊन भरणारे लोक मी पाहिले आहेत. धुवायची नाही, आतले थेंब तसेच ठेवून भरायची.